कोटा आणि ग्रॅनाइट: फरशी बसवताना बेड, सांधा आणि पॉलिशमध्ये नेमकं काय बघायचं

कोटा आणि ग्रॅनाइट दोन्ही दगडीच फरश्या, पण बसवायच्या दृष्टीने ही दोन पार वेगळी कामं आहेत, आणि हा फरक आधी डोक्यात बसला की मिस्त्री काय करतोय आणि काय टाळतोय ते समजायला लागतं. कोटा हा चुनखडीचा दगड, राजस्थानात कोटा-झालावाडकडून येतो, तसा मऊ आहे, त्यामुळे जागेवर बसवून मग मशीनने घासून सपाट करता येतो. ग्रॅनाइट प्रचंड कडक, तो फॅक्टरीतूनच आरशासारखा पॉलिश होऊन येतो आणि घरात आणून पुन्हा घासायचा नसतो. म्हणजे कोट्यात दोन फरश्यांमध्ये थोडा वर-खालीपणा राहिला तर तो पॉलिशवाला काढू शकतो, ग्रॅनाइटमध्ये जे बसलं ते बसलं. आपल्याकडची शहाबादी आणि कडप्पा हे पण चुनखडीचेच, म्हणून त्यांचं गणित बरंचसं कोट्यासारखं.

मी इथे कोट्याचा एक हॉल धरून सगळं सांगतो, आणि जिथे ग्रॅनाइट वेगळा वागतो तिथे थांबून ते सांगतो.

धरा तळमजल्यावरचा हॉल आहे, 15 बाय 12 फूट, म्हणजे 180 स्क्वेअर फूट, मीटरात साधारण 16.7 चौरस मीटर. फरशी 22 बाय 22 इंचाची. आता 15 फूट म्हणजे 180 इंच, त्यात 22 च्या 8 अख्ख्या फरश्या बसतात आणि 4 इंच उरतात. बरेच मिस्त्री एका भिंतीपासून अख्खी फरशी लावत जातात आणि शेवटी ती 4 इंची पट्टी घुसवतात, कारण त्यात दगड कमी लागतो आणि कटिंगही कमी. पण 4 इंचाची पट्टी खाली नीट दाबून बसत नाही, कपाटाचा पाय किंवा सोफ्याचा कोपरा तिच्यावर आला की मधूनच तुटते, आणि भिंत जरा जरी तिरकी असली (असतेच) तरी ती पट्टी एका टोकाला 4 इंच आणि दुसऱ्या टोकाला 3 इंच दिसते, मग आयुष्यभर नजर तिथेच जाते. त्यापेक्षा मधे 7 अख्ख्या लावा, त्याचे 154 इंच झाले, उरलेले 26 इंच दोन्ही बाजूंना 13-13 वाटून टाका. दुसऱ्या दिशेला 144 इंच आहेत, तिथे 6 अख्ख्या आणि 12 इंचाची एक रांग, ती मागच्या भिंतीला टाका, फर्निचरखाली जाईल.

यात फरश्या जास्त लागतात हे खरंय, 9 गुणिले 7 म्हणजे 63 नग, साधारण 212 स्क्वेअर फूट. मिस्त्री म्हणेल एवढं वेस्टेज कशाला. पण 13 इंच कापल्यावर 9 इंचाचा तुकडा उरतो आणि त्यातून 4 इंची स्कर्टिंगच्या दोन पट्ट्या निघतात. बाजूच्या अशा 12 तुकड्यांतूनच 44 फूट स्कर्टिंग निघतं, मागच्या रांगेच्या तुकड्यांतून उरलेलं. हॉलचा घेर 54 फूट, त्यातून दरवाजे वजा. म्हणजे स्कर्टिंगसाठी वेगळी फरशी आणायची गरजच पडत नाही. हे गणित काम सुरू व्हायच्या आधी खडूने जमिनीवर मांडून बघायचं, आणि दोरी मारून गुण्या लावून कोपरे काटकोनात आहेत का तेही तेव्हाच बघायचं, कारण पहिल्या दोन रांगा तिरक्या गेल्या की पुढे काहीच सरळ होत नाही.

आता बेड. फरशीच्या खालचा जो सिमेंट-वाळूचा थर असतो तो. माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारी इथे जन्माला येतात, आणि त्या दिसतात मात्र वर्षभराने.

आधी लेव्हल ठरवा. मेन दरवाजाच्या उंबऱ्यापाशी तयार फरशी किती उंचीला यायला पाहिजे ते ठरवून तिथून वर तीन फुटांवर पाणलेव्हलने किंवा लेझरने सगळ्या भिंतींवर एक आडवी रेष मारून घ्यायची, आणि मग त्या रेषेपासून खाली टेपने मोजत यायचं. असं मोजलं की स्लॅब किंवा खालचा कोबा कुठे उंच आहे आणि कुठे खड्डा आहे ते कळतं. फरशी 25 मिमी आणि बेड साधारण 30 मिमी धरला तर 55 मिमी जागा पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात 100 मिमी खोली निघाली तर तिथे नुसता जाड बेड भरायचा नाही, आधी तिथे काँक्रीट टाकून तो खड्डा वर आणायचा. जाड बेड आतून पूर्ण दाबला जात नाही, पुढे खचतो. आणि उलट जिथे स्लॅब उंच आहे तिथे बेड 12 मिमीच्या खाली जाऊ देऊ नका, तिथे स्लॅबचा उंचवटा छिन्नीने टोचून काढा.

खालचं पृष्ठ साफ असलं पाहिजे. प्लास्टर करताना पडलेला माल, रंगाचे डाग, धूळ हे सगळं खरवडून, झाडून, पाणी मारून ओलं करायचं, आणि बेड टाकायच्या आधी सिमेंटचं पातळ पाणी खराट्याने फिरवायचं. हे नाही केलं तर बेड स्लॅबला चिकटतच नाही, आणि नंतर फरशी बेडसकट सुटून येते.

माल एकास चारचा, म्हणजे एक भाग सिमेंट आणि चार भाग वाळू. आपल्या हॉलला 30 मिमीचा बेड धरला तर साधारण 4 गोण्या सिमेंट आणि 19 घनफूट वाळू लागते. शिवाय फरशीखाली ओतायच्या रबडीला, म्हणजे घट्टसर सिमेंटच्या घोळाला, चौरस मीटरला 4.4 किलो सिमेंट धरतात, सरकारी कामाच्या स्पेसिफिकेशनमध्ये हाच आकडा आहे, त्याने दीड गोणी. म्हणजे एकूण साडेपाच. कोणी तुम्हाला एवढ्या हॉलला तीन गोण्यांत काम झालं म्हणून कौतुकाने सांगितलं तर समजायचं काय झालंय ते.

माल कसा असावा तर ओलसर पण सुका. हातात घेऊन मूठ दाबली की गोळा व्हायला पाहिजे, अंगठ्याने टोचला की फुटायला पाहिजे, आणि तळहाताला पाणी लागायला नको. पाणी जास्त झालं की फरशी त्यावर तरंगते, ठोकली की एका बाजूने खाली आणि दुसरीकडून वर येते, आणि नंतर माल सुकताना आकसतो आणि फरशीखाली पोकळी राहते. तासाभरात संपेल इतकाच माल कालवायचा. दुपारी जेवायला जाताना घमेल्यात राहिलेला माल परत पाणी मारून वापरताना दिसला की तिथल्या तिथे थांबवा.

आता खरी गोष्ट, आणि ही एकच जरी उभं राहून बघितलीत तरी पुष्कळ. माल पसरून पट्टीने सपाट केल्यावर फरशी आधी कोरडीच ठेवायची आणि रबरी हातोडीने ठोकून लेव्हलला आणायची. मग ती परत उचलायची. होय, उचलायचीच. खालच्या मालावर फरशीचा ठसा उमटलेला असतो, जिथे माल दाबला गेलाय तिथे तो गुळगुळीत आणि चपटा दिसतो, आणि जिथे फरशी टेकलीच नाही तिथे वाळू तशीच भुसभुशीत दिसते. कोट्याची खालची बाजू निसर्गाने फोडलेली असते, कुठे 20 मिमी तर कुठे 30, त्यामुळे असे खड्डे राहतातच. त्या जागी मूठभर माल टाकून भरायचा, मग त्यावर रबडी ओतायची, कडेपर्यंत पोचेल अशी, आणि मग फरशी दुसऱ्यांदा ठेवून ठोकायची. सांध्यातून थोडी रबडी वर आली की समजायचं खाली सगळीकडे पोचली.

हे दोनदा उचलणं कोणाला आवडत नाही, कारण फरशीवाल्याला स्क्वेअर फुटावर पैसे मिळतात आणि 22 इंची कोटा उचलून ठेवायला दोन माणसं लागतात. मग काय होतं, चार कोपऱ्यांत आणि मधे अशी पाच करण्या रबडी टाकून वर फरशी ठेवतात, लेव्हल मस्त दाखवते, आणि खाली मात्र त्या पाच ढिगांच्या मधे हवा. मालकाने विचारलं की उत्तर ठरलेलं, "साहेब, पॉलिश झाल्यावर सगळं एकजीव होतं." पॉलिश वरच्या एक-दीड मिलिमीटरला हात लावतं, खालच्या पोकळीशी त्याचा काहीही संबंध नाही.

ग्रॅनाइटचं इथे दोन बाबतीत वेगळं. एक, तो दोन्ही बाजूंनी यंत्राने कापलेला असतो, 16 ते 20 मिमी एकसारखा, खालची बाजू गुळगुळीत, त्यामुळे साध्या रबडीला तो नीट धरत नाही. खालची धूळ पुसून त्यावर दगडासाठीच्या ॲडहेसिव्हचा पातळ थर खाचेच्या करणीने ओढायचा आणि मग ठेवायचा. दोन, हलक्या रंगाचा ग्रॅनाइट किंवा मार्बल असेल तर करड्या सिमेंटची सावली वर येते, पांढरा दगड मधेच मळकट दिसायला लागतो, तिथे पांढरं सिमेंट किंवा पांढरं ॲडहेसिव्ह. आणि जास्त ओल्या बेडवर ग्रॅनाइट टाकला की कडांना गडद पट्टा येतो, फोटोच्या चौकटीसारखा, तो ओल सुकेपर्यंत महिनोन्महिने जात नाही.

बसवून झाल्यावर पहिले दोन दिवस त्यावर कोणी चालायचं नाही आणि सात दिवस ओलं ठेवायचं, गोणपाट टाकून पाणी मारत राहायचं. तीन-चार दिवसांनी, सांधे भरायच्या आधी, एक लाकडी दांडकं किंवा स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन प्रत्येक फरशी वाजवून बघा, चारही कोपरे आणि मधे. भरीव असेल तर टणक आवाज येतो, पोकळ असेल तर बद्द. जिथे बद्द वाजलं तिथे खडूने फुली मारा. मधे हाताच्या पंजाएवढी पोकळी असेल तर घरातल्या वापरात चालून जाते, पण कोपरा पोकळ असेल तर तो तुटणार हे नक्की, ती फरशी काढून परत बसवायला सांगा. हे आत्ता सांगितलं तर अर्ध्या तासाचं काम आहे. पॉलिशनंतर सांगितलं तर नवी फरशी शेजारच्यांच्या रंगाशी आणि उंचीशी जुळतच नाही. कोणी म्हणतं भोक पाडून सिमेंटचा घोळ सोडू, त्याने आवाज बदलतो पण सगळी पोकळी भरलीच याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

सांध्यांबद्दल लोकांचा हट्ट असतो की सांधा दिसूच नये, दगडाला दगड चिकटवा, साईटवर त्याला पेपर जॉइंट म्हणतात. दिसायला एक दिवस भारी वाटतं. पण दगडाच्या कडा एकदम सरळ कधी नसतात, 22 इंचात मिलिमीटरभर फरक असतोच, मग चिकटवून चिकटवून पाचव्या-सहाव्या फरशीला रांग सरकलेली दिसते. शिवाय सांधा इतका बंद असतो की घोळ आत उतरत नाही, नुसता वर लिंपला जातो, तो सहा महिन्यांत निघतो आणि मग फरशी पुसायचं पाणी खाली बेडमध्ये मुरायला लागतं, कडेने पांढरा क्षार येतो. मशीन कट कोट्याला एक मिलिमीटरचा सांधा पुरतो, हाताने कापलेल्याला दीड-दोन लागतो. ग्रॅनाइटला मी 2 मिमीचे स्पेसर टाकायला सांगतो, कारण त्यात एपॉक्सी भरायची असते आणि ती बारीक फटीत जात नाही.

यापेक्षा महत्त्वाची आणि सर्रास विसरली जाणारी फट म्हणजे भिंतीजवळची. दगड तापला की वाढतो, 15 फूट लांब ग्रॅनाइट 20 अंशांनी तापला तर साधारण पाऊण मिलिमीटर वाढतो, घरात हे किरकोळ वाटेल, पण खालचं काँक्रीट पण सुकताना आकसत असतं, म्हणजे वरचा थर वाढतोय आणि खालचा लहान होतोय. चारही भिंतींना फरशी ठासून बसवली असेल तर तिला जायला जागा नाही, मग एखाद्या उन्हाळ्यात मधल्या दोन फरश्या तंबूसारख्या वर उचलल्या जातात. म्हणून भिंतीपाशी 6 मिमी, म्हणजे दोन सूत, मोकळं सोडायचं, त्यात माल भरायचा नाही, वरून स्कर्टिंग आलं की ते दिसत पण नाही. गच्चीवर तर हे जास्तच, तिथे ऊन थेट पडतं. आणि इमारतीलाच जर एक्सपान्शन जॉइंट असेल तर तो फरशीने झाकून टाकू नका, फरशीतही त्याच रेषेत सांधा सोडा.

कोट्याचे सांधे भरताना आधी टोकदार पट्टी किंवा जुनं ब्लेड फिरवून आतली धूळ-वाळू काढायची, मग करड्या सिमेंटमध्ये दगडाच्या रंगाचं ऑक्साइड मिसळून पातळ घोळ रबरी पट्टीने आत ढकलायचा, दोन वेळा, कारण पहिला घोळ बसतो. वर थोडा सांडला तरी चालतो, घासताना निघून जातो. ग्रॅनाइटमध्ये मात्र सांडलं तर तेच डोक्याला ताप, दोन्ही कडांना मास्किंग टेप लावून एपॉक्सी भरायची आणि घट्ट व्हायच्या आत पुसायची.

बसवल्यापासून पॉलिशपर्यंत फरशी सांभाळणं हे वेगळंच प्रकरण आहे. कोट्यावर ओलं पीओपी सांडलं, लोखंडी सळई गंजली, प्लायवुडचा लाल भुसा ओला होऊन पडला तर डाग आत जातो. झाकायचंच असेल तर जाड प्लास्टिक, त्यावर पुठ्ठा.

पॉलिशला बसवून किमान दोन आठवडे झालेले असावेत, नाहीतर मशीनच्या थरथरीने सांध्यातला माल हलतो. मशीनला कार्बोरंडमचे दगड लावतात आणि त्यांचे नंबर असतात, नंबर लहान तेवढा दगड खरखरीत. पहिला हात 60 नंबरचा, त्याने फरश्यांमधला वर-खालीपणा जातो, हाच हात सगळ्यात जास्त वेळ चालला पाहिजे. हा झाला की सगळं धुऊन दगडातली बारीक छिद्रं आणि सांधे परत सिमेंटच्या घोळाने भरायचे, दोन-तीन दिवस सुकू द्यायचं, मग 120, मग 220, मग 320 किंवा 400. मी सहसा 60 आणि 120 चा हात रंगकामाच्या आधी आणि बाकीचे रंग झाल्यावर करून घेतो, कारण पहिल्या हातात करड्या पाण्याचे शिंतोडे भिंतीवर दीड फुटापर्यंत उडतात, आणि शेवटच्या हातानंतर रंगारी आला तर तो शिडी ओढत फिरतो. तो जो करडा गाळ निघतो तो बादलीत भरून बाहेर टाका, बाथरूमच्या जाळीत ढकलला तर ट्रॅपमध्ये बसून पाइप चोंदतो.

फसवणूक होते ती मधला नंबर गाळण्यात. 120 नंतर थेट 400 लावला तर वर चमक येते, पण 120 चे ओरखडे त्या चमकेखाली तसेच राहतात. दिवसा दिसत नाहीत. संध्याकाळी सगळे दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून आडवा धरा, गोल गोल रेषा दिसल्या तर आधीचा नंबर पुरेसा फिरवलेला नाही. प्रत्येक नंबरनंतर हे बघितलं तर वाद होत नाहीत, शेवटी बघितलं तर होतात.

सगळ्यात शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर, चौरस मीटरला 33 ग्रॅम, आपल्या हॉलला अर्ध्या किलोच्या जरा वर. पावडर भुरभुरवून, थोडं पाणी मारून नमद्याने किंवा गोणपाटाच्या पॅडने मशीनखाली घोटायचं आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. हे ॲसिड चुनखडीशी रिॲक्शन करून वर एक घट्ट बारीक थर तयार करतं, चमक त्यातून येते. ग्रॅनाइटमध्ये चुनाच नाही म्हणून त्यावर ही पावडर घोटून काही उपयोग नाही, त्याला लागले तर हिऱ्याचे पॅड लागतात, 50 पासून 3000 पर्यंत, आणि तरी फॅक्टरीची चमक क्वचितच परत येते. पावडर विषारी आहे, हातात मोजे पाहिजेत आणि पोरांना त्या दिवशी त्या खोलीत सोडू नका.

काही जण ॲसिडऐवजी नुसतं मेण चोळून चमक दाखवतात आणि पैसे घेऊन जातात. ओळखायला सोपं आहे, एका कोपऱ्यात फडक्यावर थोडं थिनर घेऊन पुसा, चमक उतरली तर मेण. नंतर रोज पुसायला साधं पाणी पुरे, जास्तीत जास्त दोन थेंब भांड्यांचं लिक्विड. बाथरूम साफ करायचं ॲसिड कोट्यावर पडलं की तिथे लगेच बुडबुडे येतात आणि पांढरा खरखरीत डाग पडतो, लिंबू आणि व्हिनेगरने पण तेच होतं फक्त सावकाश, आणि तो डाग पुसून जात नाही, 220 पासून परत घासावं लागतं. स्वयंपाकघरात म्हणून मी खाली कोटा टाकला तरी ओट्यावर ग्रॅनाइटच घ्यायला सांगतो.